पाणी उडालं, कॉफी उरली

दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ चिखलदऱ्याहून परतला तो कॉफीचं पुडकं घेऊन. महाराष्ट्रात कॉफीच्या बागा म्हटल्या की चिखलदराच, आणि आम्हा वाशीमकरांना तो दोनेकशे किलोमीटरवर, म्हणजे घरचाच. आईने उत्साहाने दूध तापवलं, साखर घातली, चमचाभर पूड टाकली आणि ढवळायला लागली. बराच वेळ चमचा फिरला. मग तिने कप उजेडात धरला.

"काऊन रे, हे तं इरघयतच नाही! माती भरून आणली का यानं?"

कपाच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. भाऊ ओशाळला. चूक त्याची नव्हती आणि कॉफीचीही नव्हती. आयुष्यभर बरणीतली कॉफी वापरलेल्या आईला वाटत होतं की कॉफी म्हणजे विरघळणारी पूड. प्रत्यक्षात भाजून दळलेल्या कॉफीचा मोठा हिस्सा लाकडासारखा तंतुमय असतो आणि तो कधीच विरघळत नाही. गरम पाण्यात उतरतो तो अर्क. बाकीचा चोथा गाळून टाकायचा.

बरणीतली इन्स्टंट कॉफी म्हणजे कुणीतरी आधीच उकळून, गाळून ठेवलेली कॉफी. फक्त तिच्यातलं पाणी काढून घेतलेलं. आपण कपात पाणी ओततो तेव्हा कॉफी 'करत' नाही, तिचं गेलेलं पाणी तिला परत देतो. एवढं लक्षात आलं की दुकानातल्या फळीवरच्या सगळ्या बरण्यांना एकच प्रश्न विचारायचा उरतो: तुझं पाणी कसं काढलं?

मी शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर भिंग आणि छोटा वजनकाटा एवढंच बरोबर आलं. आईच्या त्या गाळाने मला कामाला लावलं.

फवारा आणि कापूर

पाटणी चौकाजवळच्या किराणा दुकानात मी तीन प्रकार मागितले. दुकानदार म्हणाला, "सर, आपल्याकडे चहापत्तीचंच गिऱ्हाईक. कॉफी म्हणजे पुड्या जातात, बरणी महिन्यातून एखादी." तरीही त्याच्याकडे बारीक भुकटीच्या पुड्या आणि दाणेदार कॉफीची बरणी निघाली. तिसरी, महागडी बरणी भावाने अकोल्याहून आणली.

घरी आल्यावर तिन्हींतली चिमूट-चिमूट पांढऱ्या कागदावर पसरली आणि भिंग धरलं. भुकटी म्हणजे तपकिरी मण्यांचा चुरा. मणी गोल, पोकळ, काही फुटलेले. दाणेदार कॉफीचा दाणा म्हणजे तेच मणी एकमेकांना चिकटून झालेला ओबडधोबड गोळा. बोटांत चिरडला की पुन्हा भुकटी. तिसरी मात्र वेगळीच. तिचे कण टोकदार, कडांचे, फिकट सोनेरी, खलबत्त्यात फोडलेल्या खडीसाखरेसारखे. त्यात मणी नाहीतच. चिरडायला गेलं की कट् करून तुटतात.

हे आकार कारखान्यातल्या वाटांचे ठसे आहेत. पहिली वाट स्प्रे-ड्राय. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनवर फवारणी न पाहिलेला माणूस सापडणार नाही. पंपाच्या नोझलमधून द्रवाचे बारीक थेंब उडतात. इथेही तेच होतं, फक्त नोझल काही मजले उंचीच्या पोलादी मनोऱ्याच्या माथ्यावर असतो, आणि थेंब पडतात ते दोनशे अंशांहून तापलेल्या हवेत. खाली येईस्तोवर, काही सेकंदांत, थेंबातलं पाणी उडून जातं. वरची साल आधी वाळते, आतली वाफ ती फुगवते आणि पोकळ मणी तयार होतो. दुधाची पावडरही अशीच बनते.

ही भुकटी फार बारीक. ती पाण्यावर तरंगते, तिच्या गुठळ्या होतात, आणि गिऱ्हाइकाला ती 'हलकी' वाटते. म्हणून पुष्कळ कारखाने तिच्यावर वाफ सोडतात. कण ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात, मग पुन्हा वाळवून चाळतात. हे अॅग्लोमरेशन, साध्या मराठीत गोळे बांधणं. म्हणजे दाणेदार कॉफी ही वेगळी जात नव्हे. ती गोळे बांधलेली फवाऱ्याचीच कॉफी. बाजारात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दाणा दिसला की लोक म्हणतात, ही भारी.

दुसरी वाट फ्रीझ-ड्राय. पूजेतल्या कापराची वडी उघडी राहिली तर ती वितळत नाही, ओली होत नाही, नुसतीच झिजत-झिजत उडून जाते. शाळेत याला आम्ही संप्लवन म्हणायचो: घन पदार्थ द्रव न होता सरळ वायू होणं. बर्फही असं करू शकतो, फक्त भोवतालचा हवेचा दाब अगदी कमी हवा. तेव्हा घट्ट केलेला कॉफीचा अर्क शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास गोठवतात, त्या लादीचे तुकडे करून चाळतात, आणि ट्रेमध्ये पसरून निर्वात कक्षात ठेवतात. हळूहळू ऊब देतात. बर्फ कापरासारखा उडून जातो. जिथे बर्फाचे स्फटिक होते तिथे सूक्ष्म छिद्रं उरतात. फोडलेल्या लादीच्या कडा तशाच राहतात, म्हणून कण टोकदार.

फवाऱ्याला काही सेकंद लागतात, तर इथे तासन् तास. शिवाय आधी गोठवायचं, मग निर्वात पोकळी धरून ठेवायची, निघालेली वाफ थंड पत्र्यांवर पुन्हा गोठवून पकडायची. विजेचं बिल कुठे जातं ते सांगायला नको. ऊब जरा जास्त झाली आणि बर्फ वितळला, तर सगळा माल चिकट होऊन बसतो. बरणीची किंमत इथून सुरू होते.

वास कुठे जातो

कॉफीची चव जिभेवर थोडी आणि नाकात जास्त असते. कडूपणा, आंबटपणा जिभेचा. पण भाजल्याचा, चॉकलेटसारखा, फळासारखा जो काही भास होतो तो शेकडो उडनशील रसायनांचा. आणि अडचण अशी की पाणी उडवायला जी उष्णता लागते, तिने हीच रसायनं आधी पळतात. फवाऱ्यातल्या थेंबाची साल धरेपर्यंत बराच सुगंध निसटलेला असतो. थंडीत वाळवलेल्या कॉफीत तो गोठलेल्या अर्काच्या जाळीत अडकून राहण्याची शक्यता जास्त. चवीच्या फरकाचं मुख्य कारण हे.

पण सगळं श्रेय वाळवण्याला देऊन चालणार नाही. त्याआधीची पायरी दोन्हींत सारखीच आहे, आणि ती फारशी हळुवार नाही. घरी फिल्टरमध्ये आपण भाजलेल्या पुडीचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यात उतरवतो. कारखान्याला तेवढं परवडत नाही. उंच बंद नळकांड्यांत, दाबाखाली, उकळबिंदूच्या बऱ्याच वर तापवलेलं पाणी फिरवून ते निम्म्याच्या जवळपास काढून घेतात. घरात कधीच न विरघळणारे भाग त्या तापमानाला तुटतात आणि अर्कात येतात. इन्स्टंट कॉफीला जी एक उकडलेल्या धान्यासारखी, जराशी करपट चव असते, तिचा मोठा वाटा इथला. ही चव कितीही थंडीत वाळवा, जात नाही.

मग महाग बरणी चांगली का लागते? वाळवण्यावर खर्च करणारा कारखाना बहुतेक वेळा आधीच्या पायऱ्यांवरही खर्च करतो. बिया बऱ्या घेतो, अरेबिकाचा वाटा वाढवतो, अर्क थोडा हळुवार काढतो. स्वस्त मालात रोबस्टा असतो: पीक भरपूर, चव कडक, कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. ज्या बियांत मुळात सुगंध कमी, त्या निर्वात कक्षात वाळवणं म्हणजे तुरीच्या चुरीला बासमतीच्या पोत्यात भरणं. तेव्हा 'फ्रीझ-ड्राइड' हे दोन शब्द चवीची हमी नाहीत. नीट केलेली दाणेदार कॉफी कधी कधी सुमार फ्रीझ-ड्राइडला मागे टाकते.

बरणी उघडताच येणाऱ्या घमघमाटावरही जाऊ नका. अनेक ठिकाणी वाळवण्याआधी काढून ठेवलेला सुगंध किंवा कॉफीचं सुगंधी तेल भरताना पुन्हा मिसळतात, आणि तो झाकणाखालच्या मोकळ्या जागेत साठतो. पहिल्या श्वासाला स्वर्ग वाटतो. खरी परीक्षा आठव्या दिवशी, कपावर नाक नेऊन.

तीन पिढ्यांचं यंत्र

या सगळ्यामागची गोष्ट तशी मंदीची आहे. १९२९ नंतर जगाचा बाजार कोसळला आणि ब्राझीलमध्ये कॉफीचे ढीग पडून राहिले. पुढे तर सरकारने ती जाळली. त्या ढिगांचं काही टिकाऊ करता येईल का, अशी विचारणा स्वित्झर्लंडच्या नेस्लेकडे झाली. मॅक्स मॉर्गेनथालर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काही वर्षं खपून उत्तर काढलं, आणि १ एप्रिल १९३८ रोजी नेसकॅफे बाजारात आली. सुगंध धरून ठेवायला तेव्हा अर्कात कर्बोदकं मिसळावी लागत. निव्वळ कॉफीची भुकटी करणं पुढे, पन्नाशीच्या दशकात जमलं. फ्रीझ-ड्राइंग वाढलं ते दुसऱ्या महायुद्धात, जखमी सैनिकांसाठी रक्तद्रव टिकवायला. कॉफीपर्यंत ते साठीच्या दशकात पोचलं.

आता ही वाट परदेशातच संपते असं नाही. आंध्रातल्या गुंटूर पट्ट्यातल्या दुग्गिराला गावच्या सीसीएल कंपनीच्या कारखान्यात दोन्ही प्रकारची कॉफी बनते आणि जगभर जाते. चिखलदऱ्याच्या बागा मात्र छोट्या. तिथली कॉफी बी किंवा पूड म्हणूनच मिळते. तिला गाळणी लागते, आईला हे आता पाठ आहे.

आमच्या ओट्यावरची परीक्षा

तीन नमुन्यांत मी चौथा घातला: आईची नेहमीची, चिकोरी मिसळलेली कॉफी. प्रत्येकी दोन ग्रॅम काट्यावर मोजली. दीडशे मिलिलिटर पाणी, उकळी आल्यावर मिनिटभर थांबून ओतलेलं. साखर नाही, दूध नाही. कपांच्या बुडाला कागदी चिठ्ठ्या, आणि कप मांडायला शेजारचा मुलगा, म्हणजे कोणता कुठला हे मलाही माहीत नको. चाखायला आई, भाऊ आणि मी.

भुकटीची कॉफी तिघांनाही नुसती कडू लागली, आणि तो कडूपणा घोट गिळल्यावरही जिभेच्या मागे रेंगाळत राहिला. दाणेदार तिच्याच घरची, पण भरीव; भाजलेल्या जवासारखी. फ्रीझ-ड्राइड कप ओळखायला चिठ्ठी उलटावी लागली नाही. वास आधी आला, कडूपणा कमी आणि एक बारीक आंबटपणा, जो भावाला आवडला आणि आईला मुळीच नाही. "नासलं का हे?" तिने विचारलं. चिकोरीची कॉफी सगळ्यात काळी, सगळ्यात दाट, आणि तिच्यात करपलेल्या गुळासारखा गोडसरपणा.

मग मला शंका आली. हे पाणी फिल्टरचं होतं. तीच फ्रीझ-ड्राइड कॉफी मी आमच्या बोअरच्या पाण्यात केली. आमच्या बोअरचं पाणी जड, पातेल्याला पांढरा थर धरणारं. तो बारीक आंबटपणा गायब, कप सपाट. पाणी जड करणारे क्षार कॉफीतलं आम्ल मारून टाकतात. महागड्या बरणीतल्या ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले, नेमकी तीच बोअरने खाल्ली.

दुसऱ्या फेरीत आमच्या पद्धतीने केली: दूध उकळत असताना त्यातच कॉफी, दोन चमचे साखर, वरून जायफळ. तिघांनी पुन्हा चाखली. आता भुकटी, दाणेदार आणि फ्रीझ-ड्राइड यांतला फरक सांगताना तिघेही चुकलो. मी तर भुकटीलाच महागडी ठरवलं. दुधाची चरबी आणि प्रथिनं सुगंध धरून ठेवतात, साखर कडूपणा झाकते, उकळी उरलासुरला वास घालवते आणि जायफळ स्वतःच बोलतं. ओळखता आली ती एकच: चिकोरीची. दुधाला पुरून उरण्याची ताकद फक्त तिच्यात होती. आईने पहिला नंबर तिलाच दिला. तीन माणसांच्या परीक्षेवरून जगाला निकाल सांगता येत नाही, पण आमच्या घराचा निकाल लागला.

चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे, पण…

चिकोरी हे एक मूळ. मुळ्यासारखं जाडजूड. वाळवून भाजलं की त्यातली शर्करा काळपट-गोड होते. कॅफीन शून्य. मराठी घरांना ही चव नवी नाही. लोण्यासाठी गाजलेल्या पोलसनचं नावही आधी मुंबईत कॉफीसाठीच निघालं होतं.

कायद्याने चिकोरी मिसळायला परवानगी आहे, पण अशा मिश्रणात कॉफीचा वाटा ५१ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही, आणि दोन्हींची टक्केवारी वेष्टनावर छापावी लागते. एकाच कंपनीच्या दोन बरण्यांतही फरक असतो. नेसकॅफेची 'क्लासिक' निव्वळ कॉफीची, तर 'सनराइज' चिकोरीची. 'ब्रू इन्स्टंट'मध्येही चिकोरी असते. वाईट काहीच नाही. फक्त आपण काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे.

इथे एक साधा हिशेब करायचा. समजा शंभर ग्रॅमची निव्वळ कॉफी २८० रुपयांना आहे आणि ७०:३० मिश्रण २१० रुपयांना. दुसरी ७० रुपयांनी स्वस्त दिसते. पण तिच्यात कॉफी ७० ग्रॅमच. म्हणजे कॉफीचा ग्रॅम तीन रुपयांना पडला. पहिलीत तो २ रुपये ८० पैशांना. चिकोरीची चव हवी असेल तर जरूर घ्या. पण कॉफी स्वस्त मिळाली असं समजू नका.

तरतरी हवी असणाऱ्यांनाही हाच आकडा उपयोगी. आपल्या नियमांनुसार निव्वळ इन्स्टंट कॉफीत किमान २.८ टक्के कॅफीन हवं. दोन ग्रॅमचा चमचा म्हणजे कमीत कमी ५६ मिलिग्रॅम. निम्मी चिकोरी असेल तर तेही निम्म्याच्या घरात. माझा एक जुना विद्यार्थी पोलीस भरतीच्या अभ्यासाला रात्री कॉफी पितो आणि "काही फरकच पडत नाही" म्हणतो. त्याची पुडी उलटून वाचली तर उत्तर तिथेच छापलेलं होतं.

बरणी हातात घेतल्यावर

आता दुकानात गेलो की मी बरणी आधी उलटी करतो. पुढच्या बाजूला 'गोल्ड', 'प्रीमियम', 'रिच' असं काहीही असू शकतं. ती नावं आहेत, प्रक्रिया नव्हे. मागे घटक पाहायचे. फक्त कॉफी लिहिलंय की चिकोरी आहे? असेल तर किती टक्के? साखर आणि दूध पावडर दिसली तर ते प्रीमिक्स, त्यात कॉफी सगळ्यात कमी. मग प्रक्रिया पाहायची. फ्रीझ-ड्राइड असेल तर कंपनी ते बहुधा ठळकपणे लिहिते, कारण त्याचेच पैसे घेते. काहीच लिहिलं नसेल तर फवाऱ्याची धरून चालायचं. काचेतून कणही दिसतात: टोकदार की गोलसर, हे आता ओळखता येतं. रंगावर मात्र अवलंबून राहू नका; गोठवण्याचा वेग बदलून तो हवा तसा आणता येतो.

त्यानंतर तारीख. आपल्यासारख्या गावात महाग बरणी फळीवर महिनोन् महिने बसते. आमच्या दुकानदाराने स्वतःच सांगितलं, महिन्यातून एखादी जाते. शिळी फ्रीझ-ड्राइड घेण्यापेक्षा ताजी दाणेदार बरी. आणि लहान बरणी घ्या. दोन ग्रॅमच्या हिशेबाने ५० ग्रॅममध्ये पंचवीस कप होतात. रोज एक पिणाऱ्या घराला ते जवळजवळ महिनाभर पुरतं, आणि महिन्याभरातच संपलं पाहिजे.

कारण तिचं पाणी काढून घेतलंय, आणि ती ते परत मिळवायला टपलेली आहे. श्रावणातल्या दमट हवेत उघडी राहिलेली कॉफी दोन दिवसांत डांबरासारखा गोळा होते. आमच्याकडे कारण वेगळंच निघालं: उकळत्या दुधाच्या पातेल्यावर बरणी धरून आई चमचा भरायची, आणि वाफ थेट आत. तो ओला चमचा पुन्हा बरणीत. फ्रिजमध्ये ठेवणंही नडतं. थंड बरणी बाहेर काढून उघडली की हवेतला ओलावा आतल्या कॉफीवर धरतो. कोरडा चमचा, घट्ट झाकण आणि ओट्यापासून दूरची फळी एवढं पुरतं. पावसाळ्यात क्वचितच कॉफी होणाऱ्या घरात तर पुड्याच शहाणपणाच्या: एक फोडली, एक संपली. गोळा झालेली कॉफी विष होत नाही, पण वास गेलेला असतो. बुरशी दिसली तर मात्र फेकायची.

आमच्या घरात आता दोन बरण्या आहेत. आईच्या दुधासाठी चिकोरीची, आणि मी संध्याकाळी बिनदुधाची पितो तिच्यासाठी फ्रीझ-ड्राइड, छोटी. चिखलदऱ्याचं पुडकंही येतं, आणि त्याच्याबरोबर आता पितळी फिल्टर आहे. परवा पाहुण्यांपैकी कुणीतरी माझी महागडी बरणी उघडून दुधात दोन चमचे टाकायला निघालं, तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ते दुधात नका टाकू बापा, ते पाण्यातलं हाय! दुधाचं इकडं हाय."